किरण, झळाळी आणि लेन्सचा डाग: छायाचित्रात ऊन घालताना

सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका चादर कारखान्याच्या मालकांना नव्या वर्षाच्या दिनदर्शिकेसाठी स्वतःच्या कारखान्याचे छायाचित्र हवे होते. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी साडेनऊच्या सुमारास घेतलेले ते छायाचित्र माझ्याकडे संगणकावरच्या कामासाठी आले. त्यात पूर्वेच्या भिंतीत उंचावर एक झरोका आहे, त्याला तीन उभे गज आहेत, खाली यंत्रमागांची रांग आहे, एक कामगार तुटलेला धागा जोडतो आहे आणि दोन मागांच्या मधल्या फरशीवर उन्हाचा लख्ख चौकोन पडला आहे. मालकांचे म्हणणे एवढेच होते की, "त्या झरोक्यातून किरण येताना दिसू द्या की, देवळात दिसतात तसे." मागणी रास्त होती. यंत्रमागाच्या कारखान्यात हवेत कापसाचे बारीक तंतू सतत तरंगत असतात आणि सकाळच्या उन्हात तिथे किरण खरोखरच दिसतात. त्या दिवशी दार बराच वेळ उघडे राहिल्यामुळे ते कॅमेऱ्यात उमटले नव्हते. हे छायाचित्र उदाहरण म्हणून समोर ठेवले, तर नंतर घातलेले ऊन कधी खरे वाटते आणि कधी चिकटवल्यासारखे दिसते, हे नीट सांगता येईल.

बोलताना आपण किरण, झळाळी आणि लेन्स फ्लेअर हे तिन्ही शब्द एकाच दमात वापरतो आणि सॉफ्टवेअरमध्येही ते जवळजवळच सापडतात. प्रत्यक्षात मात्र या तीन गोष्टी तीन वेगळ्या ठिकाणी घडतात. किरण दृश्यातल्या हवेत दिसतात, कारण धुळीचे किंवा धुक्याचे कण उजळतात. झळाळी म्हणजे तेजस्वी भागातला थोडा प्रकाश लेन्समध्ये शिरल्यावर इकडेतिकडे पसरणे. लेन्स फ्लेअरचे रंगीत ठिपके मात्र लेन्समधल्या एका भिंगावरून दुसऱ्यावर परावर्तित झालेल्या प्रकाशाने होतात. त्यामुळे किरण घालणे म्हणजे दृश्यात धूळ घालणे आणि झळाळी किंवा फ्लेअर घालणे म्हणजे कॅमेऱ्याचा दोष घालणे. ही वाटणी पक्की असली की कोणता थर कशाच्या पुढे असावा आणि कशाच्या मागे, हे वेगळे पाठ करावे लागत नाही.

पहिला प्रश्न किरणांच्या दिशेचा. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण आपल्यापर्यंत जवळजवळ समांतर येतात. ढगांतून फुटलेले किरण पंख्यासारखे पसरलेले दिसतात, कारण रेल्वेचे रूळ जसे दूरवर एकत्र आल्यासारखे भासतात तसाच तो दृष्टीचा परिणाम असतो. छायाचित्रात या सगळ्या समांतर रेषा वाढवत नेल्या तर त्या एका बिंदूत मिळतात आणि तो बिंदू म्हणजे चित्रातली सूर्याची जागा. ती जागा बहुतेक वेळा चौकटीबाहेर असते, पण ती शोधता येते. आमच्या छायाचित्रात झरोक्याचा वरचा डावा कोपरा आणि फरशीवरच्या चौकोनाचा त्याच्याशी जुळणारा कोपरा जोडून एक रेषा ओढली आणि बाकीच्या कोपऱ्यांचेही तसेच केले. चारही रेषा वाढवल्यावर त्या चौकटीच्या बाहेर, उजवीकडे वर, एका जागी मिळाल्या. यासाठी कॅनव्हास तात्पुरता दुप्पट मोठा करून घ्यावा लागतो, एवढाच त्रास. फरशीवर उन्हाचा चौकोन नसेल, तर एखाद्या वस्तूचे टोक आणि त्याच्या सावलीचे टोक जोडूनही हेच साधते.

उत्तर वेगळ्या वाटेने पडताळून पाहण्याची मला सवय आहे. सोलापूरच्या अक्षांशावर जानेवारीच्या सुरुवातीला सकाळी साडेनऊला सूर्य क्षितिजापासून सुमारे ३० अंश वर आणि आग्नेयेला असतो. झरोका फरशीपासून अडीच मीटर उंच आहे. ३० अंशांच्या कोनात उतरणारा किरण तेवढ्या उंचीवरून जमिनीला टेकेपर्यंत बरोबर दुप्पट, म्हणजे पाच मीटर अंतर कापतो. चित्रातला चौकोन साधारण तिथेच होता, म्हणजे रेषा चुकल्या नव्हत्या. चित्रातल्या दुसऱ्या कुठल्याशा कोपऱ्यातून "जरा छान दिसतात" म्हणून किरण सोडणारे लोक नेमके इथे फसतात. पाहणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण फरशीवरचे ऊन एकीकडे आणि किरण दुसरीकडे असले की त्याला खटकते.

याच्याही आधी एक गोष्ट तपासावी लागते. झरोक्यावर दुधाळ फायबरचा पत्रा असता, तर मी किरण घातलेच नसते. तसा पत्रा उन्हाला आत येऊ देतो, पण येताना ते सगळ्या दिशांना विखुरतो. खोली उजळते, फरशीवर कडा असलेला चौकोन पडत नाही आणि हवेत पट्टाही दिसत नाही. फरशीवर किंवा भिंतीवर उन्हाचा स्पष्ट तुकडा नसेल, तर तिथे किरणांनाही जागा नाही, असे मी धरून चालतो. कॅमेऱ्याची दिशाही तितकीच महत्त्वाची आहे. हवेतले तंतू आणि धूळ आलेला प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने फेकतात, म्हणून सूर्याच्या बाजूला तोंड करून पाहिले की किरण ठळक दिसतात आणि सूर्याकडे पाठ केली की तेच किरण जवळजवळ नाहीसे होतात. आमचा छायाचित्रकार झरोक्याकडे तोंड करून उभा होता. तो झरोक्याखाली उभा राहून आतल्या बाजूला पाहत असता, तर मालकांना मी नाही म्हटले असते.

आता पट्टा काढण्याचे काम. यासाठी फोटोशॉपमध्ये बहुतेक जण `Filter > Blur > Radial Blur` मधला `Zoom` हा प्रकार वापरतात. चित्रातले तेजस्वी भाग वेगळ्या थरावर घ्यायचे, ब्लरचे केंद्र सूर्यावर ठेवायचे आणि ते भाग बाहेरच्या बाजूला ओढायचे. झाडाच्या फांद्यांतून किंवा ढगांतून येणाऱ्या उन्हासाठी ही पद्धत चांगली आहे. बंद खोलीतल्या झरोक्यासाठी मात्र ती गैरसोयीची ठरते, कारण तिने काढलेला किरण उगमापाशी तेजस्वी असतो आणि पुढे विरत जातो. विजेरीचा झोत तसा असतो, कारण तो पसरतो. उन्हाचा पट्टा पसरत नाही; धूळ सगळीकडे सारखी असेल तर झरोक्यापाशी तो जेवढा उजळ दिसतो जवळपास तेवढाच फरशीपर्यंत दिसायला हवा. मध्येच तो फिका किंवा ठळक वाटतो तो बहुधा मागची भिंत उजळ किंवा काळी असल्यामुळे, आणि तो फरक आपल्याला वेगळा रंगवावा लागत नाही. म्हणून मी झरोक्याच्या कडांपासून चौकोनाच्या कडांपर्यंत सरळ रेषांचा आकार निवडला, तो नव्या थरावर एकाच फिक्या रंगाने भरला आणि थराचा प्रकार `Screen` ठेवला. जिंपमध्येही याच नावाचा प्रकार आहे.

`Screen` का, हे दोन आकड्यांत दिसते. समजा, पट्ट्याचा थर २५५ पैकी ४० इतका उजळ आहे. त्याच्या मागे मागाखालचा अंधार २० वर असेल, तर तो ५७ वर जातो. आणि मागे २३० वरची पांढरी चादर असेल, तर ती जेमतेम २३४ होते. प्रत्यक्षातही असेच होते: उजळलेली धूळ अंधारावर उठून दिसते आणि पांढऱ्या वस्तूपुढे लपते. तोच पट्टा `Normal` प्रकारात पिवळसर रंगाने भरला, तर पांढऱ्या चादरीतला निळा घटक खाली येतो, म्हणजे ऊन पडल्यामुळे वस्तू थोडी काळवंडते. तेलाचा डाग पडल्यासारखे दिसणारे किरण बहुधा असेच बनलेले असतात. उलट बाजूने, पट्ट्यामागचा अंधार पूर्ण काळाच राहिला, तरी घोटाळा आहे. धुळीच्या पट्ट्यातून पलीकडचे गडद काळे दिसूच शकत नाही. ते थोडे राखाडी व्हायलाच हवे.

कडा किती मऊ ठेवायच्या, हा या कामातला सर्वांत दुर्लक्षिलेला भाग आहे. सूर्य हा बिंदू नाही, तर आकाशात त्याची तबकडी सुमारे अर्ध्या अंशाची दिसते. त्यामुळे कोणत्याही कडेची सावली जसजशी दूर जाते तसतशी पुसट होते आणि पुसटपणाची रुंदी अंतराच्या सुमारे १०८ व्या भागाएवढी असते. पाच मीटरवर ती साधारण साडेचार सेंटीमीटर भरते. आमच्या छायाचित्रात साठ सेंटीमीटर रुंदीच्या झरोक्याचा चौकोन फरशीवर २४० पिक्सेल रुंद होता, म्हणजे एका सेंटीमीटरला चार पिक्सेल. तेव्हा फरशीजवळ कडेचा पुसटपणा सुमारे १८ पिक्सेल आणि झरोक्यापाशी शून्य हवा. गॉसियन ब्लरची त्रिज्या म्हणून चार-पाच पिक्सेल दिले की तेवढी रुंदी मिळते. मी पट्ट्याची एक प्रत न पुसटता ठेवली, दुसरी पुसट केली आणि मास्कवर वरून खाली चढत जाणारा ग्रेडियंट टाकून पहिलीतून हळूहळू दुसरीत नेले. सवयीने लोक चाळीस-पन्नास पिक्सेलचा ब्लर देतात आणि पट्टा कापसाच्या बोळ्यासारखा दिसू लागतो.

गजांचा प्रश्न याच हिशोबाने सुटला. गज बारा मिलिमीटरचे होते. बारा मिलिमीटरच्या १०८ पट म्हणजे सुमारे १.३ मीटर, त्यापलीकडे एका गजाने सूर्य पूर्ण झाकला जात नाही, फरशीवरून पाहिले तर तो सूर्याचा जेमतेम तिसरा हिस्सा झाकतो. म्हणून गजांच्या गडद रेषा झरोक्यापासून पहिल्या मीटर-दीड मीटरपर्यंत स्पष्ट ठेवायच्या आणि खाली त्यांना फक्त हलक्या छटेपुरते उरू द्यायचे. फरशीवरचा खरा चौकोन मोठा करून पाहिला तेव्हा त्यातल्या गजांच्या रेषा तशाच पुसट होत्या. पहिल्या प्रयत्नात मी चार स्वतंत्र, धारदार किरण थेट जमिनीपर्यंत नेले होते. ते फार दिमाखदार दिसत होते आणि साफ चुकीचे होते.

रंगाबद्दल थोडक्यात सांगतो. सूर्य ३० अंश वर असताना ऊन नारंगी नसते. तो रंग क्षितिजाजवळच्या सूर्याचा आहे. मी फरशीवरच्या चौकोनाच्या कडेला, जिथे रंग पूर्ण पांढरा होऊन गेला नव्हता तिथे, रंग मोजून घेतला. तो साधारण २५५, २४४, २३० निघाला, म्हणजे जेमतेम उबदार पांढरा. तोच रंग मी पट्ट्याला दिला आणि थराची अपारदर्शकता कमी करत त्याची उजळी वर सांगितलेल्या ४० च्या आसपास आणली. शिवाय, एकसारखा भरलेला पट्टा काचेच्या पाटीसारखा दिसतो, म्हणून त्याच्या मास्कवर ढगाळ पोत अगदी फिका टाकला आणि दोन-तीन पिक्सेलचे पंचवीसेक तंतू विखुरले. ते फक्त पट्ट्याच्या आतच असावेत, हे पाहणे आवश्यक असते. सावलीत चमकणारा तंतू पाहणाऱ्याच्या नजरेत लगेच येतो.

पट्टा पुढच्या वस्तूंच्या मागे जायला हवा, कारण तो खोलीतल्या हवेत आहे. धागा जोडणारा कामगार कॅमेऱ्याच्या आणि पट्ट्याच्या मध्ये उभा होता, तेव्हा त्याच्या आकाराचा मास्क करून पट्टा त्याच्यावरून काढून टाकला. त्याच्यामागचा माग मात्र पट्ट्यातून दिसत राहिला. केसांच्या कडेला मास्क कापताना घाई केली की डोक्याभोवती काळी किनार राहते.

झळाळीचे नेमके उलट आहे. ती लेन्समध्ये घडते, त्यामुळे ती कोणत्याही वस्तूच्या मागे जात नाही, सगळ्यांवरून पसरते. झरोक्यातून दिसणारे आकाश इतके तेजस्वी होते की गजांच्या कडा त्यात थोड्या खाल्ल्या गेलेल्या दिसायला हव्यात आणि कामगाराच्या डोक्याची झरोक्याकडची बाजूही किंचित धुवट व्हायला हवी. म्हणून झळाळीचा थर सर्वांत वर ठेवला. त्यासाठी फक्त झरोका आणि फरशीवरचा चौकोन काळ्या थरावर घेतला, त्याच्या दोन प्रती केल्या, एकीला आठ पिक्सेलचा आणि दुसरीला दीडशे पिक्सेलचा ब्लर दिला आणि दोन्ही `Screen` करून मोठी प्रत फार फिकी ठेवली. खऱ्या लेन्समध्ये प्रकाश जवळ जास्त आणि दूरवर थोडासा असा पसरतो. एकाच ब्लरने तो उतार साधत नाही आणि वस्तूभोवती प्रभावळ तयार होते.

इथे एक सापळा आहे. नेहमीच्या छायाचित्रात आकाशही २५५ असते आणि जवळची पांढरी चादरही २५० असते, पण प्रत्यक्षात आकाश चादरीच्या कितीतरी पट तेजस्वी असते. फाइलमध्ये हा फरक उरलेला नसतो. "जे जे पांढरे ते ते झळाळू दे" असे सॉफ्टवेअरला सांगितले, की मागावरची चादर, कामगाराचा सदरा आणि भिंतीवरची ट्यूब असे सगळेच सारखे झळाळू लागतात आणि चित्रावर पाणी फिरवल्यासारखे होते. म्हणून झळाळी कशाला द्यायची हे हातानेच निवडावे. लग्नाच्या अल्बमांत नवरीच्या शालूवरची जर आणि मंडपाचे पांढरे कापड एकाच तेजाने चमकताना दिसते, त्याचे मूळ यात आहे.

राहिला लेन्स फ्लेअर. मालकांचा त्याच्यासाठीही आग्रह होता, पण या चित्रात तो घातला नाही, कारण सूर्य चौकटीत नव्हता आणि कॅमेराही उन्हाच्या पट्ट्यात नव्हता. लेन्सवर थेट ऊन पडत नसेल, तर रंगीत ठिपक्यांची रांग येणार कुठून?

तो जिथे घालायचा तिथे त्याचे भूमितीचे नियम कडक असतात आणि ते मी चूक करून शिकलो. काही वर्षांपूर्वी सिद्धेश्वर तलावाच्या एका पहाटेच्या छायाचित्रात मी `Filter > Render > Lens Flare` वापरून फ्लेअर घातला होता. एका जुन्या छायाचित्रकारांनी ते छापील चित्र पाहून विचारले, "हा फोटो तुम्ही उजवीकडून कापला आहे का?" मी कापला होता. नेहमीच्या गोल भिंगांच्या लेन्समध्ये फ्लेअरचे ठिपके सूर्यातून आणि चौकटीच्या मध्यबिंदूतून जाणाऱ्या सरळ रेषेवर पडतात. तो मध्य लेन्सचा, म्हणजे मूळ न कापलेल्या चित्राचा असतो. माझी मूळ चौकट ६००० बाय ४००० पिक्सेलची होती, तिचा मध्य ३०००, २००० वर येत होता. सूर्य डावीकडून १२०० आणि वरून ७०० पिक्सेलवर होता. खरे ठिपके या दोहोंतून जाणाऱ्या रेषेवर, पलीकडे ४८००, ३३०० च्या दिशेने गेले असते. मी आधी उजवीकडचे २००० पिक्सेल कापले आणि मग फ्लेअर टाकला, त्यामुळे सॉफ्टवेअरने नवा मध्य २०००, २००० धरला आणि सगळी रांग जास्त उभी झाली. आता मी मूळ मापाच्या चित्रावर काळ्या रंगाने भरलेला थर घेतो, फ्लेअर त्यावर काढतो, थर `Screen` करतो आणि कापण्याचे काम शेवटी करतो. वेगळ्या थरामुळे नको असलेले ठिपके खोडताही येतात. तयार फ्लेअरमध्ये ते बहुधा गरजेपेक्षा जास्त असतात.

सूर्याभोवतीच्या टोकांबद्दलही एक खूण सांगून ठेवतो. ती टोके लेन्सच्या झडपेच्या पात्यांमुळे येतात: पाती सम संख्येत असतील तर तेवढीच टोके, विषम असतील तर दुप्पट. सहा पात्यांना सहा, सात पात्यांना चौदा. झडप बारीक केलेली असली की टोके ठळक होतात आणि पूर्ण उघडी असली की जवळजवळ दिसत नाहीत. मागची पार्श्वभूमी छान धूसर झालेल्या व्यक्तिचित्रात, म्हणजे झडप उघडी ठेवून घेतलेल्या चित्रात, सूर्याला बारा धारदार टोके असणे हे म्हणूनच विसंगत दिसते.

चादर कारखान्याचे चित्र मालकांना दाखवण्याआधी मी ते लहान करून, हाताच्या पंजाएवढे, पाहिले. तेवढ्या आकारात नजर आधी किरणांकडे गेली, तर ते जास्त झाले आहेत असे मी समजतो. तशी ती गेली, म्हणून पट्टा आणखी एक पायरी फिका केला. मग नजर कामगाराच्या हातातल्या धाग्यावर टेकली. मालकांना ते लगेच पटले नाही. "अजून जरा वाढवा की," असे ते दोनदा म्हणाले, आणि थर बंद-चालू करून दाखवल्यावर तिसऱ्यांदा म्हणाले नाहीत.

आता त्यांना मे महिन्याच्या पानासाठी त्याच कारखान्याचे दुपारचे चित्र हवे आहे, आणि तसेच किरण. मेच्या मध्याच्या सुमारास सोलापुरात मध्यान्हीचा सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा पूर्वेच्या झरोक्यातून आत यायला ऊनच नसते. मात्र छताच्या पत्र्यात खिळ्याचे एक जुने, पाचेक मिलिमीटरचे भोक आहे आणि त्याच्या बरोबर खाली फरशीवर एक छोटा गोल कवडसा पडतो. भोक कसेही वेडेवाकडे असले तरी कवडसा गोलच असतो, कारण ती सूर्याचीच प्रतिमा असते. छत पाच मीटर उंच आहे, तेव्हा तिथे किरण काढायचा तर तो सरळ उभा, वर पेन्सिलीहून बारीक, खाली सुमारे पाच सेंटीमीटर रुंद आणि रुंद होत जाताना तितकाच फिका होत जाणारा काढावा लागेल.